पंधरा जोड्यांच्या कंसांची फाइल

सूत्रे वाचून त्यांची किंमत काढणारा एक पार्सर आमचा गट लिहीत होता, आणि त्याची चाचणी घेणारे एक काम रोज रात्री आपोआप चालत असे. या कामाचे दोन टप्पे होते. पहिल्या टप्प्यात ठरावीक जोड्यांच्या कंसांच्या सर्व वैध रचना तयार होऊन एका फाइलमध्ये लिहिल्या जात, आणि दुसऱ्या टप्प्यात ती फाइल ओळीओळीने पार्सरला दिली जाई. रिकाम्या कंसात १ हा अंक आणि शेजारच्या दोन गटांमध्ये अधिक चिन्ह दुसऱ्या टप्प्यात भरले जाई, त्यामुळे फाइलमध्ये केवळ सांगाडा असे. कोणत्याही जोडीपुढे उणे चिन्ह असू शकते किंवा नसू शकते, म्हणून प्रत्येक रचनेसाठी जोड्यांचा एकेक उपसंच घेऊन त्यातील जोड्यांपुढे उणे चिन्ह लावले जाई.

उणे चिन्ह हाताळणारा भाग नुकताच पुन्हा लिहिला गेला होता. त्याची चाचणी अधिक कडक व्हावी या हेतूने जोड्यांची संख्या १० वरून १५ केली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो डिस्क पूर्ण भरलेली, फाइल अर्धवट, आणि पार्सर एकदाही चाललेला नाही.

माझ्याबरोबर काम करणाऱ्या तरुण सहकारी मुलीने आधी रचना तयार करणारा भाग उघडला आणि तिला तिथे खरोखरच एक दोष सापडला. तो भाग ३० जागांपैकी प्रत्येक जागी आधी उघडा कंस आणि मग बंद कंस ठेवून शक्य त्या सर्व ओळी बनवत होता, आणि ओळ पूर्ण झाल्यावरच ती वैध आहे की नाही हे तपासत होता. ३० जागांच्या अशा ओळी दोनाचा ३० वा घात, म्हणजे १०७ कोटींहून अधिक होतात, आणि त्यांतल्या वैध ओळी शेकडा एकही भरत नाहीत. "सर, हे नीट लिहिलं की काम आटोक्यात येईल ना?" असे तिने विचारले. प्रश्न रास्त होता, आणि त्याचे उत्तर अंदाजाने देण्याऐवजी मोजून द्यावे असे मला वाटले.

नीट लिहिण्याची रीत परिचित आहे. ओळ डावीकडून उजवीकडे वाढवत जायची. उघडे कंस अजून शिल्लक असतील तर उघडा कंस लावून पुढे जायचे, आणि उघडलेल्या कंसांपेक्षा बंद झालेले कंस कमी असतील तर बंद कंस लावून पुढे जायचे.

```python
def gen(n, o=0, c=0, s=""):
    if c == n:
        yield s
        return
    if o < n:
        yield from gen(n, o + 1, c, s + "(")
    if c < o:
        yield from gen(n, o, c + 1, s + ")")
```

या दोन अटींचे खरे सौंदर्य असे, की त्या पाळून बनलेली प्रत्येक अर्धवट ओळ कोणत्या ना कोणत्या वैध ओळीपर्यंत पोहोचतेच. उरलेले उघडे कंस लावले आणि मग सगळे बंद केले, की ओळ पूर्ण होते. त्यामुळे या रिकर्शनमध्ये फुकट गेलेली अशी एकही फांदी नसते. तीन जोड्यांसाठी मी सगळी हाक-शृंखला फळ्यावर काढली. लांबी शून्यपासून सहापर्यंतच्या अर्धवट ओळी अनुक्रमे १, १, २, ३, ५, ५, ५ अशा भरल्या. अशा प्रत्येक ओळीमागे `gen` ला एक हाक, म्हणजे एकूण २२ हाका, आणि शेवटी हाती आलेल्या वैध ओळी ५.

हा २२ चा आकडा तसाच सोडून देण्यासारखा नाही. तीन जोड्यांपर्यंतच्या वैध ओळींची संख्या १, २, ५ अशी वाढते आणि चार जोड्यांची १४ असते. या चारींची बेरीज २२. हा योगायोग नाही. ज्या अर्धवट ओळींत उघड्या कंसांची संख्या a आहे त्या सगळ्या मोजल्या, की बरोबर a+1 जोड्यांच्या वैध ओळींइतक्या भरतात, कारण अशा ओळीला आणखी एक उघडा कंस जोडून मग सगळे बंद केले, की a+1 जोड्यांची एक वैध ओळ मिळते, आणि अशा प्रत्येक वैध ओळीतला शेवटचा उघडा कंस आणि त्यापुढचे सगळे काढून टाकले, की तीच अर्धवट ओळ परत मिळते. म्हणून `n` जोड्यांसाठी एकूण हाका म्हणजे एकपासून `n+1` जोड्यांपर्यंतच्या वैध ओळींच्या संख्यांची, म्हणजेच कॅटलान संख्यांची, बेरीज. १५ जोड्यांसाठी ही बेरीज ४,८७,६०,३६६ येते. जुन्या रीतीत हाका दोनाच्या ३१ व्या घातापेक्षा एकाने कमी, म्हणजे २१४ कोटींच्या घरात होत्या. नवी रीत ४४ पट हलकी ठरली, आणि एका वैध ओळीमागे तिला जेमतेम पाच हाका पडतात.

एवढ्यावर सहकारीण समाधानी झाली असती, पण डिस्क हाकांनी भरत नाही, ओळींनी भरते. ओळी किती हे जाणून घ्यायला त्या लिहून काढण्याची गरज नसते. त्याच रिकर्शनला ओळीऐवजी संख्या परत करायला लावायची आणि एकदा काढलेले उत्तर लक्षात ठेवायचे, एवढे पुरते.

```python
from functools import lru_cache

@lru_cache(None)
def cnt(n, o, c):
    if c == n:
        return 1
    t = 0
    if o < n: t += cnt(n, o + 1, c)
    if c < o: t += cnt(n, o, c + 1)
    return t
```

पुढे किती ओळी निघतील हे आतापर्यंतच्या ओळीच्या रूपावर अवलंबून नसते; किती उघडले आणि किती बंद केले या दोन आकड्यांवरच ते ठरते. १५ जोड्यांसाठी अशा वेगळ्या स्थिती फक्त १३६ आहेत. `cnt(15, 0, 0)` ने क्षणात ९६,९४,८४५ हे उत्तर दिले. प्रत्येक ओळीला ३० कंस आणि ओळ संपल्याचे एक चिन्ह असे ३१ बाइट धरले, तर ही फाइल सुमारे ३० कोटी बाइटची होते. म्हणजे निव्वळ कंसांची फाइल आमच्या डिस्कवर सहज मावली असती.

डिस्क भरली ती उपसंचांमुळे. १५ जोड्यांचे उपसंच दोनाचा १५ वा घात, म्हणजे ३२,७६८. त्यांचे रिकर्शन कंसांपेक्षाही साधे आहे: प्रत्येक जोडीपाशी दोन फांद्या, चिन्ह लावायचे किंवा नाही. पण इथे छाटण्यासारखे काहीच नसते, कारण प्रत्येक निवड वैध असते. ६५,५३५ हाकांत ३२,७६८ उपसंच मिळतात आणि याहून कमी ओळींत हे काम होण्याचा मार्ग नाही. कंसांची प्रत्येक रचना आता या संख्येने गुणली जाते. गुणाकार आला ३१,७६८ कोटींहून थोडा अधिक. एका ओळीत सरासरी साडेसात उणे चिन्हे धरली तर ओळ साडेअडतीस बाइटची, आणि पूर्ण फाइल सुमारे १२ टेराबाइटची.

तिच्या प्रश्नाचे उत्तर यातच होते. छाटणी केल्याने वाया जाणारे कष्ट वाचतात, मागितलेले उत्तर लहान होत नाही. ४४ पट हलक्या रीतीनेही त्याच ओळी लिहाव्या लागल्या असत्या, फक्त डिस्क लवकर भरली असती.

१० जोड्यांना तेच काम रोज बिनबोभाट का चालत होते, हेही आकडेच सांगतात. तिथे १६,७९६ रचना आणि १,०२४ उपसंच, म्हणजे १ कोटी ७२ लाखांच्या आसपास ओळी होत्या. १४ वरून १५ जोड्यांवर जाताना रचना ३.६२५ पट होतात आणि उपसंच दुप्पट, म्हणजे एका पायरीला ओळी सव्वासात पट. पायरी जसजशी पुढची घ्यावी तसतसा हा गुणक ८ च्या जवळ सरकत जातो, पण ८ ला कधी पोहोचत नाही. पाच पायऱ्या चढल्यावर ओळी १८ हजार पटींहून अधिक झाल्या होत्या. आकडा दीडपट केला की काम दीडपट होईल, असा हिशेब इथे अजिबात लागू पडत नाही.

मोठ्या रचनांची चाचणी सोडून द्यावी असे मात्र मला वाटत नव्हते. सगळ्या ओळी लिहिता येत नसतील तर यादृच्छिक निवड करावी, असे सहकारिणीने सुचवले, आणि प्रत्येक पायरीवर नाणे उडवून फांदी निवडायचा कार्यक्रम तिने लगेच लिहिलाही. त्यात एक बारकावा दडलेला असतो, म्हणून आम्ही पुन्हा तीन जोड्यांवर आलो. नाणे उडवले तर `((()))`, `()(())` आणि `()()()` या तिन्ही रचना प्रत्येकी चारात एकदा येतात, तर `(()())` आणि `(())()` आठात एकदा. पाचही रचनांना सारखी संधी हवी असेल, तर प्रत्येक फांदीला तिच्याखाली असलेल्या ओळींच्या प्रमाणात वजन द्यावे लागते. पहिल्या उघड्या कंसानंतर दुसरा उघडा लावला तर ३ ओळी निघतात आणि बंद लावला तर २, म्हणून तिथे ३ विरुद्ध २ या प्रमाणात निवड करायची. ही वजने `cnt` कडे आधीच तयार असतात. उपसंचांसाठी मात्र साधे नाणेच योग्य, कारण तिथे दोन्ही फांद्यांखाली नेहमी सारखेच उपसंच असतात.

दुपारपर्यंत काम असे बदलले: एकपासून आठ जोड्यांपर्यंत सर्व ओळी, आणि त्यापुढे १५ पर्यंत वजनानुसार निवडलेल्या काही हजार ओळी. आठ जोड्यांच्या ३,६६,०८० ओळी कोणत्याही यंत्राला झेपतात. शिवाय फाइल लिहिणे बंद करून `gen` मधून निघालेली प्रत्येक ओळ थेट पार्सरला दिली, त्यामुळे स्मृतीत एका वेळी एकच ओळ राहू लागली.

दोन जोड्यांच्या आठही ओळी बरोबर निघाल्या. तीन जोड्यांच्या ४० ओळींपैकी ४ चुकल्या, आणि त्या चारही एकाच रचनेच्या होत्या: `()(())`, जिच्या दुसऱ्या जोडीपुढे उणे चिन्ह होते. उरलेल्या दोन जोड्यांपुढे चिन्ह असो वा नसो, किंमत चुकतच होती. एखाद्या गटानंतर येणाऱ्या उणे गटाच्या आत लगेच दुसरा कंस उघडला, की नवा भाग ते उणे चिन्ह विसरत होता. ती ओळ छोटी असल्यामुळे पार्सरच्या प्रत्येक पायरीवर चिन्ह कुठे आहे हे कागदावर लिहून पाहता आले, आणि आतला कंस उघडताना बाहेरचे चिन्ह साठवण्याची राहून गेलेली ओळ सहकारिणीनेच शोधून काढली. ती दुरुस्त केल्यावर ४० पैकी ४० ओळी बरोबर आल्या, आणि नंतर आठ जोड्यांपर्यंतच्या सर्व ओळीही.