वण गेला, घामोळं राहिलं : आत्याच्या पोस्टरची नोंद

यंदा आमच्या वाड्यावरच्या जत्रेच्या नाटकात आत्या आईची भूमिका करतेय, आणि पोस्टरसाठी तिचा फोटो काढायचं काम माझ्या गळ्यात पडलं. फोंड्याकडच्या जुन्या घरात शिंपल्यांची एक खिडकी अजून शाबूत आहे. त्या शिंपल्यांतून येणारा उजेड इतका मऊ असतो की वेगळा सॉफ्टबॉक्स लागत नाही. आत्याला खिडकीला तिरकं बसवलं. दुपारी तीनची वेळ, पाऊस नुकताच सरलेला, त्यामुळे चेहऱ्यावर घाम, कपाळावर तेलकट चमक आणि डाव्या गालावर घामोळ्याचे लालसर पट्टे. 24 मेगापिक्सेलचा कॅमेरा, 50 मिमीची लेन्स, f/4. हनुवटीपासून केसांच्या रेषेपर्यंत चेहरा सुमारे 1900 पिक्सेलचा आला. हा आकडा लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी मापं याच्यावरून आहेत. तुमच्या फोटोतला चेहरा 950 पिक्सेलचा असेल तर ती निम्मी धरा.

पहिला प्रयत्न, जो फसला

घामोळं आणि तेलकटपणा घालवायला गिंप या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये फोटोच्या थराची नक्कल केली, तिला गॉशियन ब्लर, म्हणजे धूसरपणा, 10 पिक्सेलचा दिला आणि मास्क लावून डोळे, भुवया, ओठ, केस तेवढे मूळचे ठेवले. फोनवर पाहिलं तर झकास. मग ए-फोर कागदावर छापून आत्याला दाखवलं.

तिने कागद खिडकीपाशी नेला. म्हणाली, "अरे, कांजण्यांचा वण कुठे गेला माझा? आणि हे घामोळं तेवढं ठेवलंस?"

मी पुन्हा पडद्यावर पाहिलं, तर ती शब्दशः खरं बोलत होती. उजव्या गालावरचा वण गायब होता आणि डाव्या गालावरचे लाल पट्टे, जरा पसरलेले, पण जागच्या जागी होते. वर सगळी कातडी प्लास्टिकची वाटत होती. जे ठेवायचं ते गेलं, जे काढायचं ते राहिलं. ब्लरचा सगळा घोटाळा या एका वाक्यात आहे, फक्त तो आकड्यांत मांडून बघितल्याशिवाय माझ्या डोक्यात उतरला नाही.

त्वचेवरचा एखादा ठिपका हा मध्ये गडद आणि कडेला विरत जाणारा गोळा आहे असं धरू. त्याचा पसारा s पिक्सेल आणि ब्लर σ पिक्सेलचा असेल, तर ब्लरनंतर मधोमध त्याचा जोर एवढा उरतो:

```
s² / (s² + σ²)
```

माझ्या फोटोत रोमछिद्राचा पसारा दीडेक पिक्सेल आहे. ब्लर 10 असताना त्याचा जोर फक्त 2 टक्के उरतो, म्हणजे ते गेलंच. वण 4 पिक्सेलचा, तो 14 टक्के. घामोळ्याचा पट्टा 15 पिक्सेलचा, तो मात्र जवळजवळ 70 टक्के शिल्लक. पट्टा घालवायला ब्लर 30 केला तर गालाच्या उंचवट्याची सावलीही विरघळायला लागते. ब्लर नेहमी बारीक टोकाकडून खात येतो. आणि आपल्याला नको असते ती गोष्ट बहुतेक वेळा मधल्या मापाची असते.

मग प्लास्टिक का दिसतं?

याचं उत्तर मला घामाने दिलं. कपाळावरची चमक मूळ फोटोत 100 टक्के झूम करून पाहिली तर ती सलग नाही. शेकडो बारीक ठिणग्या आहेत, आणि प्रत्येक दोन ठिणग्यांमध्ये एखादं रोमछिद्र किंवा सुरकुतीची रेघ. तेलाचा थर गुळगुळीत असला तरी खालची कातडी खडबडीत, म्हणून उजेड तुकड्यातुकड्यांनी परत येतो. ब्लरने त्या ठिणग्यांची सरासरी काढली की एक रुंद, सलग, पांढुरका पट्टा होतो. असा पट्टा साच्यातून काढलेल्या प्लास्टिकच्या बादलीवर दिसतो. चमक बादलीची आणि आकार माणसाचा, म्हणून नजर अडखळते.

दुसरं कारण शेजाऱ्याचं आहे. पापण्यांचा प्रत्येक केस स्पष्ट, कानातल्या कुड्यांवरची नक्षी स्पष्ट, मागच्या भिंतीवर कॅमेऱ्याचा बारीक दाणाही आहे, आणि मधली कातडी तेवढी कोरी. σ 10 च्या ब्लरमध्ये पिक्सेलागणिक असणारा दाणा सुमारे पस्तिसाव्या भागावर येतो. एकाच फोटोत दोन कॅमेरे वापरल्यासारखं दिसतं ते यामुळे. फोनवर फसलो तेही यामुळेच. तिथे फोटो लहान होताना पापण्या, भिंत, कातडी सगळ्यांचाच बारीकपणा सारखा जातो, मग विसंगती दिसणार कुठून? तेव्हापासून फोनच्या पडद्यावर निर्णय घेणं बंद केलंय.

दोन वाटा ज्या आडरानात गेल्या

कडा राखणारा ब्लर, म्हणजे गिंपमधला सिलेक्टिव्ह गॉशियन किंवा फोटोशॉपमधला सरफेस ब्लर, यावर माझी भिस्त होती. त्याचा नियम असा की शेजारच्या पिक्सेलशी फरक मोठा असेल तर ती कड समजून सोडायची, फरक थोडा असेल तर मिसळून टाकायचा. आता भुवईचा फरक मोठा, तो सुटला. रोमछिद्राचा फरक थोडा, ते मिसळलं गेलं. म्हणजे कातडी साध्या ब्लरइतकीच कोरी आणि तिच्याभोवतीच्या कडा आणखी धारदार. हा तर जास्तच प्लास्टिक निघाला. "कडा राखतो" म्हणजे "पोत राखतो" नव्हे, हे कळायला माझी एक संध्याकाळ गेली.

ब्लर करून वर कृत्रिम दाणा टाकायचा उपायही केला. लांबून बरा वाटतो. जवळून मात्र बादलीवर रेती चिकटवल्यासारखा. खऱ्या छिद्राला खिडकीच्या बाजूने सावली आणि पलीकडे उजळ कड असते, कपाळावर ती आडव्या रेघांना धरून असतात, नाकावर गोलसर. दाण्याला यातलं काहीच ठाऊक नसतं.

जे जमलं

बारीक ठेवायचं, मोठं ठेवायचं, मधलं कमी करायचं. यासाठी गिंपमध्येच सोय आहे: `Filters → Enhance → Wavelet decompose`. हे फोटोचे मापागणिक थर पाडतं. पहिल्या थरात सर्वांत बारीक तपशील, पुढच्या प्रत्येकात साधारण दुप्पट मापाचा, आणि शेवटी उरलेला मोठा आकार `Residual` मध्ये. सगळे थर चालू असले की मूळ फोटो परत मिळतो. आपोआप 5 थर येतात, मी 6 घेतले. पहिल्या तिनांत छिद्रं आणि ठिणग्या, वण मुख्यतः तिसऱ्या-चौथ्यात, घामोळं पाचव्या-सहाव्यात. थर एकेक करून बंद-चालू केलात की कोण कुठे राहतं ते लगेच दिसतं.

मग पाचव्या आणि सहाव्या थराला पांढरा मास्क दिला आणि घामोळ्यावर राखाडी ब्रश फिरवला. हे थर मूळ चित्रात बेरीज-वजाबाकीने मिसळतात, म्हणून मास्क निम्मा राखाडी केला तर त्या मापाचा तपशील तिथे बरोबर निम्मा होतो. काहीही फासलं जात नाही, सरासरी निघत नाही. पहिल्या चार थरांना हात लावला नाही, त्यामुळे वण जवळपास आहे तसाच राहिला.

ज्यांना ब्रशपेक्षा पायथॉन बरं वाटतं त्यांच्यासाठी तेच काम तीन ओळींत. `a` म्हणजे फ्लोट केलेला फोटो:

```python
g1 = cv2.GaussianBlur(a, (0, 0), 6)
g2 = cv2.GaussianBlur(a, (0, 0), 24)
out = a - 0.8 * (g1 - g2)
```

दोन ब्लरमधला फरक म्हणजे मधल्या मापाचा तपशील, तो 80 टक्के वजा केला. वरच्याच सूत्राने हिशेब केला तर छिद्राचा जोर 96 टक्के राहतो, घामोळं 53 टक्क्यांवर येतं, आणि गालाच्या गोलाईसारखा 150 पिक्सेलचा आकार 98 टक्के टिकतो. वण जातो 77 टक्क्यांच्या आसपास, तो आत्याला चालला. पहिल्या प्रयत्नातले 2 आणि 70 आठवा. `out` थेट वापरायचा नाही, मूळ फोटोवर ठेवून मास्कने गालापुरताच दाखवायचा.

याच्या मर्यादा दोन, दोन्ही माझ्या वाट्याला आल्या. गणिताला घामोळं आणि खळी यांतला भेद कळत नाही, त्याला फक्त माप कळतं. सगळ्या चेहऱ्यावर लावलं तेव्हा नाकपुडीच्या बाजूची घडी आणि ओठावरची पन्हळ सपाट झाली, आत्या दहा वर्षांनी तरुण आणि कुणीतरी दुसरीच दिसायला लागली. दुसरी भानगड केसांच्या रेषेची. 24 चा ब्लर सुमारे 50 पिक्सेलपर्यंत शेजारचा रंग ओढतो, त्यामुळे काळ्या केसांना लागून कपाळावर एक मळकट किनार उमटली. आता मास्क केसांपासून, जबड्यापासून तेवढं अंतर सोडूनच रंगवतो.

फ्रिक्वेन्सी सेपरेशन, म्हणजे बारीक पोत एका थरात आणि खालचा रंग-उजेड दुसऱ्या थरात काढायची पद्धत, वापरणाऱ्यांसाठी एक सूचना, कारण बरेच जण तिथेच घसरतात. पोताचा थर वेगळा काढून खालचा अख्खा थर ब्लर केला की खालची चमक पुन्हा बादलीचीच होते, फक्त वर छिद्रांची छापील जाळी. खालच्या थरात लहान लहान भाग निवडून तेवढ्यावरच काम करा.

डोळ्यांखालच्या काळेपणाला यातलं काहीच लागू पडलं नाही, तो मापाने मोठा आहे. तिथे जुनी पद्धत: एक कर्व्ह उजळ करून मास्क पूर्ण काळा, आणि 4 टक्के अपारदर्शकतेच्या पांढऱ्या ब्रशने हळूहळू. उजेड वाढतो, छिद्रं तशीच राहतात. दोन्ही डोळ्यांना मिळून पाऊण तास लागला आणि काळेपणा निम्माच काढला, नाटकातली आई सात रात्री जागलेली आहे म्हणे.

दुसरी प्रिंट आत्याने पुन्हा खिडकीपाशी नेली. वणावर बोट ठेवलं, मग गळ्याकडे पाहिलं. "इथलं घामोळं?"

गळ्याला मी हातच लावला नव्हता. चेहरा एक, गळा दुसऱ्याच बाईचा. आज रात्री पाचवा-सहावा थर घेऊन तिथे बसायचं आहे.