तुम्ही विचारलंत म्हणून: स्टेरॉइडच्या आधी ती एक गोळी कशाला

"डॉक्टरसाहेब, आजार कातडीचा आहे, मग आधी जंताची गोळी कशाला? जंताची तर मागच्या वर्षीच घेतली होती."

रावेरकडच्या एका आबांची गोष्ट सांगतो, कारण मी हे त्यांच्यापासून शिकलो. वय 57, वजन साठ किलोच्या आसपास, सगळं आयुष्य केळीच्या बागेत मजुरी. पाणी दिल्यावर बागेत घोट्यापर्यंत चिखल, त्यात अनवाणी उभं राहून केळीच्या बुडाला फुटलेली पिलं कापायची, घड वाहायचे. अंगावर आणि तोंडात मोठमोठे फोड आले म्हणून माझ्याकडे आले, तपासणीत पेम्फिगस निघाला. या आजाराला स्टेरॉइडशिवाय भागत नाही, म्हणून रोज 60 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन सुरू केलं आणि दोन आठवड्यांत फोड सुकायला लागले, आबा खूश, मीही खूश.

चौथ्या आठवड्यात पोट दुखायला लागलं, उलट्या, पोट फुगलेलं. मला वाटलं गोळ्यांनी ॲसिडिटी झाली असेल, म्हणून पोटाचं औषध दिलं. मग खोकला आणि दम, नंतर थंडी वाजून ताप. रक्ताच्या कल्चरमध्ये ई. कोलाय वाढले, हे आतड्यात राहणारे जंतू, ते रक्तात कसे आले ते कळेना. आयसीयूतल्या रेसिडेंटने थुंकीची स्लाइड पाहिली आणि मला बोलावलं, स्लाइडवर अळ्या वळवळत होत्या.

या जंताचं नाव स्ट्रॉंगिलॉइडिस. ओल्या मातीत त्याच्या अळ्या असतात, त्या बोटांच्या बेचक्यातून कातडी भेदून आत शिरतात, रक्तातून फुफ्फुसात जातात, खोकल्यासोबत घशात येतात, गिळल्या जातात आणि लहान आतड्यात जाऊन बसतात. इथवर हुकवर्म या दुसऱ्या जंतासारखंच. फरक असा की हुकवर्मची अंडी बाहेर पडली की पुढची पिढी मातीतच तयार होते, पण याच्या काही अळ्या आतड्यातच मोठ्या होतात आणि तिथूनच परत अंगात घुसतात. म्हणजे एकदा लागण झाली की माणूस शेत सोडून पुण्याला राहायला गेला तरी हा जंत आत तीस-चाळीस वर्षं पिढ्या काढत राहतो. दुसऱ्या महायुद्धात आग्नेय आशियात युद्धकैदी असलेल्या सैनिकांमध्ये तो कित्येक दशकांनी सापडलाय.

एवढी वर्षं माणसाला जाणवत नाही, कारण शरीर त्याला आवरून धरतं, आणि त्या कामात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी पुढे असतात. स्टेरॉइड नेमकं तेच सैल करतं. शिवाय स्टेरॉइडमुळे अळ्या लवकर मोठ्या होऊन घुसायला तयार होतात असंही मानलं जातं. मग मूठभर जंतांचे लाखो होतात, आतड्याची भिंत फोडून अळ्या फुफ्फुसात, कधी मेंदूत पोचतात आणि जाताना आतड्यातले जंतू सोबत ओढून नेतात. आबांच्या रक्तात ई. कोलाय आले ते असे. यालाच हायपरइन्फेक्शन म्हणतात.

आम्ही आयव्हरमेक्टिन ही या जंतावरची गोळी रोज द्यायला लागलो, सोबत अल्बेंडाझोल आणि अँटिबायोटिक, स्टेरॉइड जमेल तेवढं उतरवलं. पण आतडं हलत नव्हतं, नळीतून दिलेलं औषध शोषलं जात होतं की नाही देव जाणे, आणि माणसांसाठी आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन मिळत नाही. सहाव्या दिवशी आबा गेले. नंतर मी त्यांचा जुना, स्टेरॉइडच्या आधीचा रिपोर्ट काढून पाहिला, त्यात इओसिनोफिल 1400, साधारण 500 च्या आत असायला हवेत, आणि मी त्याकडे लक्षच दिलं नव्हतं. आयसीयूतल्या रिपोर्टमध्ये ते शून्य होते. स्टेरॉइड ते कमी करतंच, म्हणून नंतर आकडा बघून काही कळत नाही, आधीच बघावा लागतो.

म्हणून आता रोज 20 मिलिग्रॅम किंवा जास्त प्रेडनिसोलोन दोन आठवड्यांपेक्षा जास्त चालणार असेल तर मी आधी विचारतो, शेतात अनवाणी काम केलंय का, आता नसेल तर लहानपणी, वीस वर्षांपूर्वी? उघड्यावर शौचाला जायचात का? अंगाला, ढुंगणाला अचानक पुढे सरकणारी खाजरी रेघ कधी उठली होती का? इओसिनोफिल वाढलेत का? केमो किंवा किडनी बदलण्याची तयारी असेल तरी हेच विचारतो. साध्या दम्याच्या पंपाला किंवा मलमाला हे सगळं लागत नाही. आणि एक वेगळं विचारतो, सांधेदुखीच्या पुड्या घेता का, कारण आमच्याकडे बिननावाच्या कित्येक पुड्यांमध्ये स्टेरॉइडच असतं, पेशंटला माहीतच नसतं की आपण आधीपासून घेतोय.

आता तुमचा प्रश्न, तपासून का नाही देत? तपासतोही. पण संडासाच्या एका नमुन्यात अळ्या बहुतेक वेळा दिसतच नाहीत, कारण त्या थोड्या असतात आणि रोज पडत नाहीत. रक्तातल्या अँटिबॉडीची तपासणी जास्त चांगली, पण नमुना बाहेर पाठवावा लागतो, रिपोर्टला दिवस लागतात, आणि प्रतिकारशक्ती दबलेल्या माणसात तीही निगेटिव्ह येऊ शकते. स्टेरॉइड तातडीचं असेल तर थांबता येत नाही, स्टेरॉइड रोखून जीव गमावणं हाही मूर्खपणाच, म्हणून मग रक्त पाठवायचं आणि गोळी त्याच दिवशी द्यायची.

मागच्या वर्षी घेतलेली गोळी बहुधा अल्बेंडाझोल 400, एकच डोस. ती बाकीच्या जंतांना चालते, याला एका डोसने फारसं काही होत नाही. आयव्हरमेक्टिन याच्यावर जास्त खात्रीचं. हो, तीच गोळी जी कोरोनात लोकांनी कोरोनासाठी म्हणून खाल्ली. कोरोनावर तिचा फायदा मोठ्या अभ्यासांमध्ये दिसला नाही, पण ज्यांना डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देत होते आणि ज्यांच्या पोटात हा जंत असू शकत होता त्यांना ती देण्याला अर्थ होता. डोस किलोमागे 200 मायक्रोग्रॅम, उपाशीपोटी पाण्यासोबत. गरोदर बाईला आणि 15 किलोच्या आतल्या लेकराला मी अशी सरसकट देत नाही, तिथे वेगळा विचार करावा लागतो.

परवा यावलकडची एक ताई आली, किडनीतून प्रोटीन जातंय, स्टेरॉइड सुरू करायचं होतं. शेतमजूर, इओसिनोफिल 900. म्हणाली, "मना पोटमा काही नई शे." वजन 45 किलो, म्हणजे 9 मिलिग्रॅम, सहाची एक आणि तीनची एक गोळी. सकाळी उपाशीपोटी माझ्यासमोर घेतली, रक्त पाठवलं, स्टेरॉइड दुसऱ्या दिवशी सुरू. सहाव्या दिवशी रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. दोन आठवड्यांनी दुसरा डोस दिला आणि तिच्या नवऱ्याला बोलावलं, कारण तोही त्याच शेतात अनवाणी जातो. त्याचंही रक्त पाठवलंय.