मित्राच्या लग्नासाठी मंगलाष्टक: रोजनिशीतलं एक पान

२३ नोव्हेंबर, रात्र

तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतात, आणि कॉलेजच्या मित्रमंडळींत ठरलेला प्रश्न निघतो: नवरदेवावर काय लिहायचं? माझं उत्तर पक्कं आहे. वेगळी कविता लिहून रिसेप्शनला वाचू नये, मंगलाष्टकच लिहावं. रिसेप्शनच्या गोंगाटात कविता कुणी ऐकत नाही. अंतरपाट धरलेला असतो तेव्हा मात्र सगळा हॉल अक्षता मुठीत घेऊन उभा असतो आणि प्रत्येक शब्द कानावर पडतो. त्यामुळे चुकलेला शब्दही तितकाच ऐकू जातो.

बहुतेक घरचे प्रयत्न इथेच फसतात. चाल पाठ असते, पण वृत्त माहीत नसतं. मंगलाष्टकाचं वृत्त शार्दूलविक्रीडित. एका ओळीत १९ अक्षरं, बाराव्या अक्षरावर थांबा, मग सात. लघुगुरूंचा क्रम असा:

गा गा गा ल ल गा ल गा ल ल ल गा | गा गा ल गा गा ल गा

हे कोष्टक पाठ करायची गरज नाही. ‘गंगा सिंधु सरस्वती च यमुना’ हा पहिल्या बारा अक्षरांचा साचा, आणि ‘कुर्यात् सदा मंगलम्’ हा उरलेल्या सातांचा. आपली ओळ लिहायची आणि या दोन तुकड्यांच्या जागी म्हणून पाहायची. ओढाताण झाली तर ओळ चुकली.

हॉस्टेलच्या आठवणींचं कडवं लिहायला बसलं की पहिला अडथळा खुद्द ‘वसतिगृह’ या शब्दाचा. त्यात लागोपाठ पाच लघू येतात, आणि या वृत्तात एका जागी तीनांपेक्षा जास्त लघू येतच नाहीत. म्हणजे हा शब्द कुठेही बसणार नाही, कितीही फिरवा. ‘हॉस्टेलात’ मात्र गा गा गा ल, ओळीच्या आरंभी अगदी मापात. शुद्ध मराठीचा आग्रह इथे सोडावा. मित्रही कधी ‘वसतिगृहात भेटू’ असं म्हणत नाहीत.

आज जमलेलं पहिलं कडवं:

हॉस्टेलात कधी न हा उठतसे, बारा जरी वाजले
कोणाचा सदरा, कुणाचि चपला, सारेच की लाटले
मॅगीला नित केटलीत शिजवी, चौघे असे पोसले
आता त्यास जपो घरी सहचरी, कुर्यात् सदा मंगलम्

‘कुणाची’चं ‘कुणाचि’ केलंय. अशी सूट पूर्वीपासून घेतली जाते, पण कडव्यात एकदोनदाच. त्यापेक्षा जास्त झाली की ऐकणाऱ्याला शब्द ओळखू येत नाहीत. तिसरी ओळ मला सगळ्यात आवडते. पहिल्या दोन ओळींत नवरदेवाचा आळस आणि उसनवारी आली. तिसरीत रात्री दोनला केटलीत मॅगी उकळून चौघांना वाढणारा मुलगा दिसतो, आणि चौथीतला आशीर्वाद त्यामुळे मनापासूनचा वाटतो. नुसत्या खोड्या मोजल्या तर मुलीकडची मंडळी आधी हसतात, मग एकमेकांकडे बघतात.

खोडी निवडतानाही तारतम्य हवं. समोर आजी, मामा, मुलीचे वडील असतात. उठणं, कपडे, खाणं, परीक्षेच्या आदल्या रात्रीची झेरॉक्स हे विषय चालतात. जुन्या मैत्रिणी, दारू, राहिलेले पेपर हे मित्रांच्या कट्ट्यावर ठेवावेत.

दुसरं कडवं भविष्याचं. इथे मराठीच आपल्या मदतीला येते. ‘टाकेल’, ‘आणेल’, ‘सांगेल’ ही भविष्यकाळाची रूपं गा गा ल अशी पडतात, आणि थांब्यानंतरची पहिली तीन अक्षरं नेमकी तीच आहेत. म्हणून गमतीचं भाकीत ओळीच्या शेपटीत टाकावं. थांब्यापर्यंत उत्सुकता ताणायची आणि क्रियापदाने फटाका फोडायचा:

पाचाला उठवील ही, मग चहा टाकेल हा लाडका
मेथी सांगितली, तरी करडई आणेल हा नेमका
कोणाची चुक? हे न शोधत बसे, ‘माझीच’ बोले सखा
दोघांचे सुख हे असेच फुलु दे, कुर्यात् सदा मंगलम्

पहिलं कडवं ‘बारा’वर उघडतं, दुसरं ‘पाचा’वर. तेवढ्याने दोन्ही एकमेकांना बांधली जातात, वेगळं काही सांगावं लागत नाही. चेष्टा नवरदेवाचीच आहे. चहा तो टाकतो, भाजी तो चुकतो, माघार तो घेतो. नवरीवर विनोद करण्याइतकी तिची ओळख मित्रांना नसते, आणि ‘आता लाटणं खाशील’ छापाचे विनोद ऐकून आता कुणी हसत नाही. करडई मुद्दाम घेतली. नुसती ‘चुकीची भाजी’ म्हटली असती तर कुणी हसलं नसतं. हातात करडईची जुडी दिसली की हसू येतं.

थांब्याची काळजी घ्यायला हवी. बाराव्या अक्षरावर शब्द संपलाच पाहिजे. तो तेराव्यावर गेला तर गाणारा मध्येच श्वास घेतो आणि शब्दाचे दोन तुकडे पडतात. कागदावर हे दिसत नाही, गाताना लगेच कळतं. म्हणून लिहून झाल्यावर एकदा तरी पूर्ण चालीत, मोठ्याने म्हणावं.

नाव घालायचा मोह सगळ्यांना होतो. घालावं, पण नावाची जागा नावच ठरवतं. ‘समीर’ म्हणजे ल गा ल, तो सात ते नऊ या अक्षरांवर बसतो. ‘रोहन’ गा ल ल, तिसऱ्यापासून पाचव्यापर्यंत. ‘अमितला’ नऊ ते बारा, थेट थांब्यावर. ‘पुरुषोत्तम’ तसाच घेतला तर अडतो, पण ‘पुरुषोत्तमा’ अशी हाक मारली की चौथ्यापासून आठव्यापर्यंत सुरेख बसतो. आधी नाव त्याच्या जागी ठेवावं आणि मग भोवती ओळ विणावी. उलट केलं की नाव ताणून म्हणावं लागतं, आणि सगळ्यांचे कान तर त्याच शब्दावर असतात.

कडवी दोनच. सावकाश चालीत एका कडव्याला पाऊण ते एक मिनिट लागतं. दोन्ही घरच्या आत्या-मावश्यांचीही असतात आणि गुरुजींचं लक्ष घड्याळाकडे असतं. मित्रांनी शेवटचा नंबर मागू नये. मुहूर्ताच्या क्षणी गुरुजी ‘तदेव लग्नं’ म्हणतात, त्याची चालही निराळी, आणि त्यावर अंतरपाट दूर होतो. आपली कडवी मधे कुठेतरी यावीत. गुरुजींना आदल्या दिवशीच सांगून ठेवावं, ऐनवेळी माईक मागायला गेलं की नंबर लागत नाही.

गाणारा एकच असावा. चौघांनी मिळून म्हटलं तर थांबे वेगवेगळे पडतात आणि मागच्या रांगेत फक्त गलका पोचतो. बाकी तिघांनी ‘कुर्यात् सदा मंगलम्’ला साथ द्यावी, ते सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं असतं. कागदावर अक्षर ठसठशीत, प्रत्येक ओळीत बाराव्या अक्षरानंतर उभी रेघ, आणि मोबाईलवरून वाचायचं नाही. एका हातात माईक, दुसऱ्या मुठीत अक्षता असतात, आणि तेवढ्यात स्क्रीन विझते. कागद घडी घालून गाणाऱ्याच्या खिशात, दुसरी प्रत साथीला उभ्या असलेल्याकडे.