एकरी ४,४४४ झाडं

"सगळं पुस्तक आकड्यांनी भरलेलं असतं, मग त्यातला नेमका चुकीचा आकडाच तुमच्या नजरेत कसा भरतो?"

नजरेत भरत नाही हो. चुकीचा आकडा बरोबर आकड्याइतकाच सरळ चेहऱ्याचा असतो. शुद्धलेखनाची चूक डोळ्याला टोचते, तशी आकड्याची टोचत नाही. म्हणून मी आकडे वाचत नाही, एकमेकांशी भिडवते. मसुद्यातला प्रत्येक आकडा त्याच मसुद्यातल्या दुसऱ्या कुठल्या तरी आकड्याला बांधलेला असतो. तो बांध शोधायचा आणि हिशोब करून बघायचा.

जळगावात माझ्याकडे तपासायला बहुतेक ठिबक सिंचनाच्या माहितीपुस्तिका येतात. त्यातल्याच एका मसुद्यातलं पान सांगते. केळीचं पान होतं. वर लिहिलेलं: लागवडीचं अंतर १.५ × १.५ मीटर, एकरी झाडं ४,४४४. खाली: प्रत्येक झाडाला ताशी ४ लिटरचे दोन ड्रिपर, एका एकराला लागणारा प्रवाह ताशी १४,४०० लिटर. वाचताना काहीच खटकत नाही. पण एका झाडाला ताशी ८ लिटर जात असतील, तर १४,४०० भागिले ८ म्हणजे १,८०० झाडं होतात. म्हणजे एकाच पानावर एकरी झाडांचे दोन आकडे होते, एक उघड लिहिलेला आणि एक प्रवाहात दडलेला. दोन्ही बरोबर असणं शक्य नव्हतं.

खरं कोणतं, हे ठरवायला तिसरी बाजू लागते. एका झाडाची जागा दीड गुणिले दीड, म्हणजे २.२५ चौरस मीटर. एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. भागाकार केला की जवळपास १,८०० येतात. प्रवाह बरोबर, झाडं चुकलेली.

इथे माझं काम संपत नाही. चुकीच्या आकड्याला बरोबर आकड्याने भागून बघायची मला सवय आहे. ४,४४४ भागिले १,८०० म्हणजे २.४७. हा आकडा या कामात ओळखीचा आहे, कारण एका हेक्टरात २.४७ एकर असतात. मग गोष्ट उलगडली. मूळ तक्ता हेक्टरी होता, कुणीतरी मथळ्यातला 'हेक्टर' खोडून 'एकर' केला आणि खालचा आकडा तसाच राहिला. हे आपल्याकडे सहज होतं. शिफारशी हेक्टरी छापल्या जातात, सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं आणि शेतकरी बोलतो एकरात.

असे आणखी काही भागाकार लक्षात ठेवण्यासारखे आहेत. उत्तर ३.२८ आलं तर मीटर आणि फूट यांची गल्लत असते, १०.७६ आलं तर चौरस मीटर आणि चौरस फुटाची. दाबाच्या आकड्यात १४.२ निघाले तर कुणीतरी किलो प्रति चौरस सेंटिमीटरच्या जागी पीएसआय टाकलेलं असतं. नेमके दहा किंवा शंभर आले तर दशांशचिन्ह सरकलंय का ते बघायचं. भागाकार अशा ठरलेल्या आकड्यावर बसला की चूक एकाच जागी नसते. ज्या हाताने तो तक्ता बदलला, त्याच हाताने पुढचे तक्तेही बदललेले असतात, म्हणून मी तिथून पुढची सगळी पानं पुन्हा काढते.

त्या पुस्तिकेत तसंच निघालं. खताच्या पानावर दर हजार झाडांना आठवड्याला साडेचार किलो युरिया ठिबकमधून द्यायचा होता आणि त्यावरून काढलेली एकरी मात्रा २० किलो होती. १,८०० झाडांना ८.१ किलो होतात. एकरी आकडा पाहून खत सोडणाऱ्याने दर आठवड्याला जवळपास अडीच पट युरिया सोडला असता. झाडांची चूक नुसती छापील राहिली असती, ही मात्र थेट मुळाशी गेली असती.

त्याच केळीच्या पानावर आणखी एक फसवी जागा आहे, ती बरोबर लिहिलेल्या मसुद्यातही असते. ताशी १४,४०० लिटर म्हणजे सेकंदाला ४ लिटर. ड्रिपरही ताशी ४ लिटरचा. मग एका ओळीत 'प्रवाह ४ लिटर' आणि दुसऱ्या ओळीत 'ड्रिपर ४ लिटर' एवढंच राहतं, 'ताशी' आणि 'सेकंदाला' गळून पडतं. आकडा तोच, पण अर्थामध्ये ३,६०० पटींचा फरक. म्हणून वेळेशिवाय लिहिलेला लिटर दिसला की मी तिथे खूण करते, आकडा बरोबर असला तरी.

दाबाच्या आकड्यांना वेगळी कसोटी लागते. फिल्टरच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबात ०.५ किलोचा फरक पडला की फिल्टर धुवा, असं लिहायचं होतं. मसुद्यात शून्य आणि दशांशचिन्ह गळून '५ किलो' उरलं होतं. आता संचाचा एकूण दाबच दुसऱ्या पानावर २ किलो दिलाय, तर फरक ५ किलोचा होईल कुठून? असा आकडा छापला गेला असता तर ती वेळ कधीच आली नसती आणि फिल्टर कधीच धुतला गेला नसता. 'कामाचा दाब १-१.५ किलो' यातली आडवी रेघ अक्षरजुळणीत उडाली की ११.५ किलो होतात. मी रेघ काढून तिथे 'ते' लिहायला लावते.

तारखांना मी दिवस मोजून बघते. मृगबागेच्या वेळापत्रकात लागवड १५ जून आणि १६५ दिवसांनंतरचा खताचा हप्ता १५ नोव्हेंबर असा होता. १५ जूनपासून १५ नोव्हेंबर १५३ दिवसांवर येतो, १६५वा दिवस २७ नोव्हेंबरला. लिहिणाऱ्याने महिने मोजले होते, दिवस नव्हे. बाहेरदेशच्या सुट्या भागांच्या कागदांवर ०४/०७ दिसलं तर तो ४ जुलै की ७ एप्रिल, हे कंपनीला विचारल्याशिवाय मी पुढे जात नाही.

या पद्धतीला एक मर्यादा आहे. अंतरच चुकीचं लिहिलं गेलं आणि पुढचं सगळं त्यावरून काढलं, तर आकडे आपसात बिनचूक जुळतात. आतून काही कळत नाही, बाहेरचा माणूस लागतो. आपल्याकडे केळी हजारांत मोजतात, कुणी 'पाच हजार खोडं लावली' म्हणतो, एकर नंतर येतो. त्यामुळे रावेरकडचा एखादा बागायतदार तक्ता पाहताक्षणी म्हणतो, "ताई, एकरात एवढी बसतच नाहीत." अंतर आणि झाडं त्याच्याकडून, ड्रिपरचा प्रवाह कंपनीच्या कॅटलॉगमधून आणि खताची मात्रा कृषी विद्यापीठाच्या मूळ शिफारशीवरून, असं मी ताडून घेते.

आकडा मी स्वतः कधीच बदलत नाही. दोन्ही आकडे, दोन्ही पानं आणि माझा भागाकार समासात लिहून मसुदा इंजिनिअरकडे परत पाठवते. १,८०० हे उत्तर मला दिसत असलं तरी कदाचित त्याला अंतरच बदलायचं असेल.

दुरुस्त पानं परत आली की फक्त आकड्यांसाठी एक फेरी होते. सहकारी जुन्या प्रतीवरून मोठ्याने वाचतो, 'एक, चार, स्वल्पविराम, चार, शून्य, शून्य, लिटर, ताशी', आणि मी नव्या प्रतीवर बोट ठेवते. ही फेरी पानांची जुळणी पूर्ण झाल्यावरच करायची, कारण जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये नेताना दशांशचिन्हं आणि रेघा पुन्हा उडतात.