अहवालात सारे काही ‘नॉर्मल’ होते

माझ्या दवाखान्यात आलेल्या त्या चौतिसाव्या वर्षाच्या शिक्षिकेच्या फाइलमध्ये हिमोग्लोबिन १२.३, थायरॉइडचा अहवाल निर्दोष आणि लोहाचा साठा सांगणारे फेरिटिन ४१ असे आकडे होते. दुपारनंतर वर्गात उभे राहवत नाही आणि केस विंचरताना मूठभर गळतात, अशी तिची तक्रार होती. “मॅडम, सगळे म्हणतात मी उगीच काळजी करते,” असे ती म्हणाली.

मी पाळीविषयी विचारले, तेव्हा सात-आठ दिवस रक्तस्राव होतो, पहिले दोन दिवस दर दोन तासांनी पॅड बदलावे लागते आणि गाठीही पडतात, हे तिने अगदी सहजपणे सांगितले. तिच्या आईचेही तसेच होते, म्हणून तिला त्यात वावगे वाटले नव्हते. एवढ्या रक्तस्रावात फेरिटिन ४१ हा आकडा मला पटेना. तपासणीची तारीख पाहिली, तर त्या आठवड्यात तिला ताप आलेला होता. फेरिटिन हे शरीरातील लोहाच्या साठ्याचे माप असले, तरी संसर्गात किंवा दाहात ते आपोआप वाढते आणि रिकामा साठाही भरलेला भासतो. म्हणून महिन्याभराने, प्रकृती बरी असताना, शरीरातील दाह दाखवणाऱ्या सीआरपी या चाचणीसह तपासणी पुन्हा करवली. सीआरपी सामान्य होते आणि फेरिटिन ११ निघाले.

गंमत अशी की, प्रयोगशाळेने छापलेली मर्यादा १० ते १५० असल्यामुळे हाही अहवाल ‘नॉर्मल’च ठरत होता. जागतिक आरोग्य संघटना निरोगी प्रौढांमध्ये १५ पेक्षा कमी फेरिटिनला लोहाची कमतरता मानते आणि अनेक डॉक्टर ३० खालीच उपचाराचा विचार करतात. लोह कमी पडू लागले की शरीर आधी साठा रिता करते आणि हिमोग्लोबिन शक्य तितका काळ सांभाळते. त्यामुळे रक्तक्षय दिसण्याआधीच थकवा जाणवू शकतो.

तिला दिवसाआड एक लोहाची गोळी दिली, कारण रोजच्या मात्रेने वाढणारे हेप्सिडिन हे संप्रेरक पुढच्या मात्रेचे शोषण रोखते. गोळीच्या आगेमागे चहा टाळायला सांगितले. शौचाचा रंग काळा होईल, हेही आधीच सांगून ठेवले. सोनोग्राफीत गर्भाशयात फायब्रॉइडची लहान गाठ आढळल्याने स्त्रीरोगतज्ज्ञांनी रक्तस्राव कमी करणारे ट्रानेक्सॅमिक आम्ल पाळीच्या दिवसांपुरते सुरू केले.

थकवा काही आठवड्यांत उतरला. केसांबाबत मी मात्र हमी दिली नव्हती, कारण लोह आणि केसगळती यांच्या संबंधाचे पुरावे संमिश्र आहेत. शिवाय तापानंतरही दोन-तीन महिन्यांनी केस गळतात, त्यामुळे दोष कोणाचा किती, हे सांगणे अवघड होते. तीन महिन्यांनी फेरिटिन ३६ झाले आणि गळती कमी झाली, पण फायब्रॉइड तसाच असल्याने पुढची तपासणी सहा महिन्यांनी ठरवली आहे, आणि ताप नसतानाच करायची आहे.