बॅच S1401 परत मागवताना लिहिलेलं कॅप्शन

शनिवारी रात्री एका ग्राहक बाईंचा फोटो आला. आमचा बियांचा ग्रॅनोला त्यांनी वाटीत ओतला होता आणि त्यात बदामाचे काप दिसत होते. खाली एवढंच लिहिलं होतं: 'मुलाला बदामाची ॲलर्जी आहे. त्याने अजून खाल्लेलं नाही. हे काय आहे?'

आमचा ब्रँड म्हणजे मी, माझी मोठी बहीण आणि मदतीला दोघं. ग्रॅनोला दोन प्रकारचे. एकात सूर्यफुलाच्या आणि भोपळ्याच्या बिया, दुसऱ्यात बदाम. पाऊच एकाच मापाचे, रंग तेवढा वेगळा. बाईंना आधी लिहिलं, 'मुलाला देऊ नका, पाऊच जपून ठेवा, मागचा बॅच नंबर पाठवा.' नंबर आला S1401, म्हणजे चार आठवड्यांपूर्वीचं पॅकिंग. मग ताईला उठवलं.

कॅप्शन लिहायला बसण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर हवं होतं: चूक किती पाऊचमध्ये आहे? ते माहीत नसेल तर माणूस 'काही पॅकेट्समध्ये' असं गुळमुळीत लिहितो, आणि ज्याच्या घरी पाऊच आहे त्याला त्यातून काहीच कळत नाही. त्या दिवशी सकाळी बियांचा आणि दुपारी बदामाचा ग्रॅनोला भरला होता. नोंदवही काढली. स्टोअरमधून बियांचे छापील पाऊच 600 काढले होते. भरलेले 540, खराब निघाले 5, परत ठेवले 12. बेरीज 557, म्हणजे 43 पाऊचचा हिशेब लागत नव्हता. मग बदामाची बाजू पाहिली. तयार माल साधारण 320 पाऊचचा होता आणि बदामाचे पाऊच वापरले गेले होते 277. फरक पुन्हा 43.

सकाळचे उरलेले पाऊच टेबलावरच्या ट्रेमध्ये राहिले होते आणि दुपारी त्यात बदामाचा माल भरला गेला. त्यांच्यावर शिक्का मात्र सकाळचाच बसला. म्हणजे S1401 या नंबराचे एकूण 583 पाऊच भरले गेले होते, त्यातल्या 43 मध्ये बदाम, आणि पाऊच अपारदर्शक असल्यामुळे बाहेरून काही कळणं शक्य नव्हतं. बदामाच्या पाऊचची मोजणी बरोबर जुळली होती, आणि आधीच्या-नंतरच्या बॅचेसच्या दिवशी एकच प्रकार भरला होता. त्यामुळे बाकी बॅचेसना धोका नाही हे आम्ही नोंदी दाखवून सांगू शकत होतो. लोकांना धीर मिळतो तो अशा नेमक्या हद्दीमुळे, असं माझं मत त्या रात्री पक्कं झालं.

इथे मला एक मोह झाला. फक्त 43 पाऊच चुकीचे आहेत, तर लोकांनाच उघडून बघायला सांगू: बदाम दिसले तर परत करा, नाही तर खा. ताईने ठाम नकार दिला, आणि तिचं बरोबर होतं. बदामाचा भुगा ओट्समध्ये डोळ्याला दिसत नाही. ज्याला तीव्र ॲलर्जी आहे त्याला तेवढा भुगाही पुरतो. शिवाय 'बघा' म्हटलं की कुणीतरी चाखून बघणारच. म्हणून अख्खी बॅच परत मागवायची ठरलं.

सकाळी सगळ्यात आधी अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांना कळवलं. त्यानंतर दुकानांना फोन केले: शेल्फवरून काढा, वेगळ्या खोक्यात ठेवा, वर 'विकू नये' लिहा. आमच्याकडे आणि दुकानांत मिळून 196 पाऊच सापडले. उरलेल्या 387 पैकी 214 आम्ही थेट पाठवले होते, त्यांचे फोन नंबर होते. तिकडे ताईने आणि मदतनीसांनी फोन लावायला सुरुवात केली. राहिले 173. ते दुकानातून गेलेले, कुणाकडे ते आम्हाला माहीत नव्हतं. कॅप्शन त्या 173 घरांसाठी लिहायचं होतं.

माझा पहिला मसुदा असा सुरू झाला: 'प्रिय ग्राहकहो, गुणवत्ता हाच आमचा श्वास आहे. तुमच्या विश्वासामुळेच आम्ही इथवर आलो...' ताईने तो फोनवर वाचला आणि विचारलं, "पाऊच हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसाला यातून काय कळलं?" काहीच कळत नव्हतं. पोस्टमध्ये पहिल्या दीड-दोन ओळीच दिसतात, बाकी मजकूर दाबल्यावर उघडतो. त्या दोन ओळींत मी आमच्याबद्दल बोलत होतो. दुसऱ्या मसुद्यात 'खबरदारीचा उपाय म्हणून' आणि 'घाबरण्याचं कारण नाही' होतं. दोन्ही काढलं. ज्या घरात ॲलर्जीचं मूल आहे तिथे कारण आहे, आणि ही नुसती खबरदारी नव्हती, आत खरंच बदाम होते. 'अंश असू शकतात' हेही तेवढ्यासाठीच गेलं.

शेवटी अधिकाऱ्यांना दाखवून जे टाकलं ते असं:

'बियांचा ग्रॅनोला, बॅच S1401: कृपया खाऊ नका. काही पाऊचमध्ये बदाम आहेत आणि लेबलवर ते लिहिलेले नाहीत. बदामाची ॲलर्जी असलेल्यांना यामुळे गंभीर त्रास होऊ शकतो.

बॅच नंबर पाऊचच्या मागे, खालच्या शिवणीजवळ आहे. बेस्ट बिफोर 13 जुलै. नंबर वेगळा असेल तर तुमचा पाऊच यात येत नाही.

नंबर S1401 असेल तर: चाखून पाहू नका. नंबराचा फोटो काढून आम्हाला पाठवा, पूर्ण पैसे परत मिळतील. बिल लागणार नाही. पाऊच दुकानात परत द्या किंवा पिशवीत बांधून कचऱ्यात टाका. कुणाला खायला देऊ नका.

डब्यात ओतून पाऊच फेकला असेल आणि नंबर आठवत नसेल, तर तो याच बॅचचा आहे असं समजा. डबा आणि चमचा साबणाने धुवा.

ॲलर्जी असलेल्या कुणी खाल्लं असेल आणि अंगावर गांधी, ओठ किंवा चेहऱ्याला सूज, उलट्या, श्वासाला त्रास असं काही होत असेल, तर आम्हाला लिहीत बसू नका, ताबडतोब तातडीची वैद्यकीय मदत घ्या. डॉक्टरांनी ॲड्रेनालिनचं पेन दिलं असेल तर त्यांनी सांगितल्याप्रमाणे वापरा.

ज्यांना बदाम चालतात त्यांनी हा ग्रॅनोला खाल्ला असेल तर त्यांना यातून धोका नाही. माल खराब झालेला नाही, चुकीच्या पाऊचमध्ये गेला आहे. पॅकिंगच्या टेबलावर उरलेले पाऊच आम्ही बाजूला केले नाहीत, ही आमची चूक आहे. आम्ही माफी मागतो. अन्न सुरक्षा विभागाला कळवलं आहे.'

माफी शेवटी का, असं आमच्या एका मैत्रिणीने विचारलं. वाचणाऱ्याला आधी स्वतःच्या घरात काय करायचं ते कळायला हवं, आमचं मन मोकळं व्हायला नंतर जागा आहे. चुकीचं कारण मात्र एका वाक्यात सांगितलंच पाहिजे. नाही तर लोक स्वतः कारण शोधतात, आणि ते बहुतेक वेळा बुरशी किंवा भेसळ असतं.

फोटोवर बराच वेळ गेला. नेहमीचा वाटी-चमच्याचा सुंदर फोटो टाकला असता तर अंगठा पुढे सरकला असता. आम्ही पाऊच उलटा ठेवला, शिवणीजवळच्या नंबराभोवती जाड वर्तुळ काढलं आणि वर मोठ्या अक्षरांत 'खाऊ नका, बॅच S1401' एवढंच लिहिलं. पूर्ण मजकूर कॅप्शनमध्येही ठेवला, कारण फोटोतली अक्षरं मोठी करून न वाचता येणारे आणि फोनकडून वाचून घेणारे लोक असतात. चोवीस तासांत गायब होणाऱ्या स्टोरीवर विसंबलो नाही. पोस्ट प्रोफाइलच्या वर पिन केली. तोच मजकूर कागदावर छापून दुकानांना दिला. ग्रॅनोला विकत घेणारा प्रत्येकजण आमचं पेज बघत नाही.

पहिल्या संध्याकाळीच एक उणीव सापडली. एका बाईंनी विचारलं, 'मी दोन पाऊच भेट म्हणून दिले होते, त्यांचं काय?' आमच्या डोक्यात खरेदी करणारा होता, खाणारा नव्हता. लगेच ओळ वाढवली: 'कुणाला भेट दिला असेल तर त्यांना आजच फोन करून सांगा.' आणि खाली लिहिलं, 'ही ओळ संध्याकाळी 7 वाजता जोडली.' आधी वाचून गेलेल्याला काय बदललं ते कळावं म्हणून.

कमेंट्समध्ये रागही आला. एकाने लिहिलं की लहान ब्रँडकडून हेच होणार. आम्ही एकही कमेंट काढली नाही. प्रत्येकाला नवं स्पष्टीकरण द्यायचं नाही, हे आधीच ठरवलं होतं. घाईत लिहिलेल्या उत्तरांत शब्द बदलतात आणि वाचणाऱ्याला वाटतं माहितीच बदलली. म्हणून सगळ्यांना कॅप्शनमधलंच वाक्य, आणि ज्यांचा प्रश्न वेगळा त्यांना फोन. एकाने विचारलं, 'मला बदामाची ॲलर्जी आहे, मागच्या आठवड्यात खाल्लं, काही झालं नाही, आता उरलेलं संपवू का?' त्यांना फोनवर सांगितलं की तुमच्या वाट्याला आलेल्या पाऊचमध्ये बदाम नसतीलही, पण दुसऱ्या पाऊचबद्दल त्यावरून काही सांगता येत नाही, तेव्हा तो खाऊ नका.

तीन आठवड्यांनी हिशेब असा होता: फोन केलेल्या 214 पैकी 209 जणांशी बोलणं झालं, आणि दुकानातून गेलेल्या 173 पैकी 121 पाऊचचा पत्ता लागला. त्रास झाल्याचा एकही निरोप आला नाही. त्या पहिल्या बाईंना मी स्वतः फोन करून कारण सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी वाटीत ओतते म्हणून दिसलं. तो नेहमी पाऊचमधूनच खातो."

पॅकिंगच्या खोलीत आता प्रकार बदलण्याआधी टेबल पूर्ण रिकामं होतं. उरलेले पाऊच मोजून स्टोअरमध्ये जातात, वहीत आकडा लिहिला जातो, दुसरं कुणीतरी तो तपासून सही करतं, आणि मगच पुढचा माल येतो. यात वीसेक मिनिटं जातात.

काल एका गृहस्थांचा मेसेज आला. आईच्या कपाटात मागे सरकलेला एक पाऊच सापडला, नंबर S1401, न उघडलेला. त्यांनी तो पिशवीत बांधून फोटो पाठवला. आम्ही पैसे परत केले आणि वहीत 122 लिहिलं. बाकीचे 51 अजून कुठेतरी आहेत, म्हणून 13 जुलै उलटेपर्यंत ती पोस्ट वरच पिन राहील.