चौदा तारखेचे एकशे दहा टक्के

महिन्याच्या १४ तारखेला सकाळी मी साहेबांना रोजचा रिपोर्ट पाठवला. टार्गेट १०,००० नग, काल रात्रीपर्यंतची विक्री ४,६२० नग, आणि शेवटच्या रकान्यात हिरव्या रंगात प्रोजेक्शन: ११,०१७. म्हणजे ११० टक्के. एमआयएसचं काम माझ्याकडे येऊन दुसराच महिना होता आणि हिरवा रंग लावताना मला स्वतःलाच बरं वाटलं होतं.

साहेबांनी लगेच फोन केला. "मग इकडे फारशी गरज दिसत नाही. दोन माणसं पंधरा दिवसांसाठी दुसऱ्या भागात देतो." दिलीही.

महिना ९,८७० वर बंद झाला. एक तारखेला त्यांनी तोच जुना मेल समोर धरला आणि शांतपणे विचारलं, "तुझे अकरा हजार कुठे गेले रे?" चिडले असते तर परवडलं असतं.

मी केलं होतं ते कोणीही करतो तेच. १३ दिवसांत ४,६२०, म्हणजे दिवसाला साधारण ३५५, गुणिले ३१. हिशेब बरोबर, फक्त सगळे दिवस सारखे धरलेले. तो महिना बुधवारी सुरू झाला होता. रविवार ५, १२, १९ आणि २६ तारखेला. सुट्ट्यांच्या यादीत चार तारखा: १९, २१, २४, २८. म्हणजे झालेल्या १३ दिवसांत फक्त दोन रविवार आणि सुट्टी एकही नाही, तर उरलेल्या १८ दिवसांत दोन रविवार आणि वर सगळ्या सुट्ट्या. पहिला भाग भरलेला, दुसरा पोकळ, आणि मी भरलेल्या भागाचा वेग पोकळ भागावर चिकटवून मोकळा झालो होतो. अशा हिशेबाला रन रेट म्हणतात. हा शब्द आपल्याकडे क्रिकेटमुळे सगळ्यांना कळतो, पण पावसाने षटकं कमी झाली की हिशेब बदलतो हे मैदानावर ज्यांना कळतं त्यांनाही एक्सेलमध्ये आठवत नाही. मलाही नाही आठवलं.

त्या संध्याकाळी मी १४ तारखेचा रिपोर्ट पुन्हा करायला बसलो. आकडे तेच, फक्त दिवस नीट मोजायचे.

पहिला प्रयत्न कागदावर. ३१ मधून ४ रविवार गेले, ४ सुट्ट्या गेल्या, राहिले २३. झालेले कामाचे दिवस ११. ४,६२० भागिले ११ म्हणजे दिवसाला ४२०, गुणिले २३ म्हणजे ९,६६०. वा, ९६.६ टक्के! खऱ्या आकड्याच्या जवळपास आलं की आपण बरोबर आहोत असं वाटायला लागतं, तसं मला वाटलं. शेजारच्या टेबलावरच्या अकाउंट्सच्या ताईंनी कागदाकडे एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "१९ तारीख रविवारीच आहे ना? मग ती दोनदा का कापलीस?" खरंच होतं. रविवारी पडलेली सुट्टी रविवारच्या पोटात गेलेली असते. कामाचे दिवस २४ होते, २३ नाही. उत्तर जवळ आलं होतं ते चुकीमुळे.

हाताने मोजण्यात हेच होणार म्हणून मग सूत्र लावलं. B1 मध्ये महिन्याची पहिली तारीख, B2 मध्ये डेटा जिथपर्यंत आहे ती तारीख, H रकान्यात सुट्ट्यांची यादी:

```
=NETWORKDAYS.INTL(B1, B2, 11, H2:H10)
=NETWORKDAYS.INTL(B2+1, EOMONTH(B1,0), 11, H2:H10)
```

पहिली ओळ झालेले कामाचे दिवस देते, दुसरी उरलेले. मधला 11 म्हणजे "साप्ताहिक सुट्टी फक्त रविवार". साधं NETWORKDAYS वापरलं तर ते शनिवारही कापतं, आणि आमचा शनिवार तर पूर्ण दिवस. यादीतली एखादी सुट्टी रविवारी आली तरी हे सूत्र ती पुन्हा कापत नाही, त्यामुळे ताईंनी धरलेली चूक इथे आपोआप मिटते.

पण B2 मध्ये मी आधी TODAY() टाकलं होतं. रिपोर्ट १४ ला सकाळी जातो आणि विक्री १३ च्या रात्रीपर्यंतची असते. त्यामुळे झालेले दिवस १२ आले, ज्यातल्या शेवटच्या दिवसाची विक्री अजून व्हायचीच होती. दर घसरून ३८५ झाला आणि प्रोजेक्शन ९,२४०. ही चूक ओळखायची एक सोपी खूण आहे: तीच फाइल, तोच डेटा, पण रात्री बाराच्या पुढे उघडली की आकडा खाली येतो. आता B2 मध्ये मी विक्रीच्या शीटमधली सगळ्यात मोठी तारीख घेतो. आणि एक पडताळणी ठेवलीय: झालेले अधिक उरलेले बरोबर पूर्ण महिन्याचे कामाचे दिवस आले पाहिजेत. ११ आणि १३, चोवीस. आले.

आता ४२० गुणिले २४, म्हणजे १०,०८०. १००.८ टक्के. ११० पेक्षा कितीतरी शहाणा आकडा.

तरीही एक गोष्ट टोचत होती. रविवारी आमची विक्री शून्य नसते. एक काउंटर अर्धा दिवस उघडा असतो. दोन रविवारांचे मिळून २२० नग त्या ४,६२० मध्येच होते. म्हणजे मी रविवारची विक्री वर अंशात घेत होतो आणि रविवार खाली छेदात घेत नव्हतो. त्यामुळे कामाच्या दिवसाचा दर फुगत होता. खरा दर ४,४०० भागिले ११, म्हणजे ४००.

इथून मी दिवस मोजणं सोडलं आणि दिवसांना वजन द्यायला लागलो. साधा कामाचा दिवस १. रविवारी ११० नग, म्हणून त्याचं वजन ११० भागिले ४००, म्हणजे ०.२७५. पूर्ण बंद सुट्टीचं ०. महिन्याच्या ३१ तारखा A रकान्यात, त्यांची वजनं B मध्ये, आजवरची विक्री D1 मध्ये, डेटाची शेवटची तारीख D2 मध्ये:

```
=D1 / SUMIFS(B:B, A:A, "<="&D2) * SUM(B:B)
```

झालेलं वजन ११.५५, पूर्ण महिन्याचं २५.१. उत्तर १०,०४०. १०,०८० पासून फार लांब नाही, मग एवढा खटाटोप कशाला असं वाटेल. त्याचं उत्तर १४ तारखेला दिसत नाही, ६ तारखेला दिसतं. त्या महिन्याच्या पहिल्या चार दिवसांत १,६०० नग गेले होते. जुन्या पद्धतीने शनिवारी रात्री प्रोजेक्शन १२,४००. रविवारचे ११० मिळवले की सोमवारी सकाळी तेच १०,६०२. एका रात्रीत अठराशे नग गायब, आणि घडलेलं काय, तर रविवार आला! जुन्या रिपोर्टांचा आलेख काढला तर करवतीचे दात दिसतात, दर सोमवारी एक खाच. साहेबांचा सोमवारचा "काय झालं?" हा फोन त्या खाचेतून येत होता. वजनं लावली की १,६०० भागिले ४ आणि १,७१० भागिले ४.२७५, दोन्ही ४००.

त्याच वजनांवरून मी दुसरा रकानाही नव्याने काढला, टार्गेट गाठायला उरलेल्या दिवसांत रोज किती लागतील त्याचा. जुन्या रिपोर्टात ५,३८० भागिले १८ म्हणजे रोज २९९ असं होतं, आणि चालू दर ३५५. कोणीही निश्चिंत होईल. साहेबांनी माणसं हलवली ती याच दोन आकड्यांवर. खरा हिशेब असा: ५,३८० मधून उरलेल्या दोन रविवारांचे २२० वजा, राहिले ५,१६०, भागिले १३. रोज ३९७. चालू दर ४००. दिवसाला तीन नगांची सवलत! हे १४ ला दिसलं असतं तर एकही माणूस हलला नसता.

पण १०,०४० आणि ९,८७० मध्ये अजून १७० नगांचं अंतर होतं. मी दिवसवार विक्री उघडली आणि तारखांवर बोट ठेवत गेलो. २० तारीख, सोमवार: ३१०. २५, शनिवार: २९०. २७, सोमवार: ३२०. तिन्ही दिवस एका बाजूला रविवार आणि दुसऱ्या बाजूला सुट्टी असे अडकलेले. दुकान उघडं, बिलिंग चालू, पण गिऱ्हाईकही सुट्टीवर आणि आमची निम्मी मंडळीही. चारशेच्या हिशेबाने तिथे २८० नग कमी पडले, बाकीच्या दहा दिवसांनी सरासरी ४११ करून ११० भरून काढले, आणि अंतर बरोबर १७० राहिलं. आकडे असे जुळले की मला झोप लागते.

सँडविच दिवसाला मी आता ०.७५ वजन देतो. तीन दिवसांवरून वजन ठरवणं धाडसाचं आहे हे मला माहीत आहे, म्हणून मागच्या महिन्यांतले असे दिवस शोधून त्यांच्याशी ताडून बघितलं, ते ०.७ ते ०.८ च्या मध्येच फिरत होते. ते धरून १४ तारखेचं प्रोजेक्शन ९,७४० आलं असतं. महिना ९,८७० ला बंद झाला, म्हणजे अंदाज थोडा कमीच पडला असता. शेवटच्या तीन दिवसांत सगळे जीव तोडून बिलं करतात, त्याला मी अजून वेगळं वजन दिलेलं नाही. मुद्दामच. ते दिलं तर महिनाअखेरची घाई मीच गृहीत धरली असं होईल, आणि मग ती घाई करायला कोणी उरायचं नाही.

पाच कामाचे दिवस होईपर्यंत प्रोजेक्शनचा रकाना मी कोराच ठेवतो. दोन तारखेला एक मोठी ऑर्डर आली की सूत्र ती पूर्ण महिनाभर रोज येणार असं धरतं, आणि तो आकडा एकदा मेलमध्ये गेला की परत येत नाही. महिना सुरू होण्याआधी वजनांचा रकाना साहेबांना दाखवून घेतो. सुट्टी कुठली धरली, कुठला दिवस अडकलेला धरला, हे आधी ठरलेलं असलं की मध्येच कोणी सोयीचं वजन सुचवत नाही.

नव्या पद्धतीचा रिपोर्ट सुरू केल्यावर दुसऱ्या सोमवारी सकाळी साहेबांचा फोन आला. मी जरा सावरूनच उचलला.

"अरे, शनिवारी आणि आज आकडा जवळजवळ तोच आहे. फाइल अडकलीय का बघ जरा."